चार मिनिटांची संहिता आणि पाच सेकंदांची क्लिप: एका द्राक्षबागेच्या फिल्मचे प्रकरण

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष उत्पादक गटाला जानेवारीअखेर चार मिनिटांची फिल्म हवी होती. एप्रिलच्या खरड छाटणीपासून काढणीपर्यंत वेलीचे वर्ष कसे जाते, हे खरेदीदारांना दाखवायचे होते. काम नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका छोट्या स्टुडिओकडे आले. बाग जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, त्यामुळे एरवी कॅमेरा घेऊन जाणे सोपे होते. पण जानेवारीत बागेत घड लटकलेले असतात आणि संहितेचा गाभा होता ऑक्टोबरची, फळासाठी केली जाणारी गोडी छाटणी. ती पुन्हा बघायला नऊ महिने थांबावे लागले असते. गटाकडे मागच्या ऑक्टोबरमध्ये मोबाईलवर काढलेले काही फोटो होते. त्या फोटोंवरून एआय साधनाने छाटणीची दृश्ये तयार करायची, असे ठरले.

साधन होते वान 2.1. हे स्वतःच्या संगणकावर चालवता येणारे खुले मॉडेल आहे. ते सेकंदाला 16 फ्रेम देते आणि एका वेळी साधारण 81 फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांहून किंचित जास्त. 81 हा आकडा वरवरचा नाही. मॉडेल पहिली फ्रेम स्वतंत्र घेते आणि पुढच्या फ्रेम चार-चारच्या गठ्ठ्यात दाबते, म्हणून फ्रेमची संख्या नेहमी चाराच्या पटीत अधिक एक लागते. त्याचे शिक्षणही याच लांबीच्या आसपास झाले आहे. जबरदस्तीने 149 फ्रेम मागितल्या तर मेमरी लागते ती लागतेच, आणि प्रत्येक फ्रेमचा बाकी सगळ्या फ्रेमशी संबंध तपासायचा असल्याने तो हिशेब लांबी दुप्पट केली की जवळपास चौपट होतो. एवढे करूनही माणूस अर्ध्या वाटेवरून उलटा फिरून मूळ जागी येऊ लागतो. तेव्हा पाच सेकंदांची चौकट मान्य करून संहिताच तोडायची, हे उघड होते. खरा प्रश्न ती कुठे तोडायची हा होता, आणि पहिल्या फेरीत तिथेच चुकले.

निवेदन आधी ध्वनिमुद्रित करून घेतले होते, ही गोष्ट बरोबर झाली. मराठीत शब्द मोजून वेळ काढायला जावे तर फसगत होते. ‘हात’ हाही एक शब्द आणि ‘हातमोज्यांमधल्यासारखा’ हाही एकच शब्द. कच्च्या आवाजात का होईना, संहिता एकदा वाचून घ्यावी, म्हणजे ध्वनिपट्टीवर सेकंद दिसतात. चार मिनिटांच्या त्या पट्टीचे मग सरळ पाच-पाच सेकंदांचे 48 तुकडे पाडले गेले आणि प्रत्येक तुकड्यातले शब्द इंग्रजीत करून साधनाला दिले गेले. काय बिघडले ते पाहायला संहितेतला एकच परिच्छेद पुरेसा आहे:

“ऑक्टोबर उजाडतो आणि बागेत कात्री चालू होते. पहाटेच्या धुक्यात काका वेलीपाशी येतात, काडी हातात धरतात, डोळे मोजतात आणि कात्री चालवतात. मागून ताई येतात. हातमोजे घातलेल्या हाताने प्रत्येक डोळ्याला पेस्ट लावतात. आठ-दहा दिवसांत काडीवर हिरवे कोंब फुटतात, आणि बघता बघता बाग पोपटी होते.”

यातले डोळे म्हणजे काडीवरच्या कोंब फुटण्याच्या जागा. हे वाचायला 26.4 सेकंद लागतात. पाचाने भागले की पाच तुकडे आणि 1.4 सेकंदांचे एक शेपूट उरते. दुसऱ्या तुकड्यात आले “काका वेलीपाशी येतात, काडी हातात धरतात, डोळे मोजतात”. पाच सेकंदांत तीन क्रिया. साधनाने काकांना चालवले, काडी चालता चालताच हातात उगवली आणि मोजणे गायबच झाले. एका क्लिपमध्ये तीन कामे सांगितली की पहिले काम बरे होते, दुसरे घाईत उरकले जाते आणि तिसरे राहून जाते. सूचना कितीही नेटकी लिहा, यात फारसा फरक पडत नाही, कारण तेवढ्या हालचालीला फ्रेमच नसतात.

तिसऱ्या तुकड्यातली चूक मराठीशी जोडलेली आहे. त्या तुकड्यात आले “आणि कात्री चालवतात. मागून ताई येतात”. कोण चालवतात? आपल्या भाषेत कर्ता एकदा सांगितला की पुढची चार क्रियापदे त्याच्याच भरवशावर चालतात. ‘येतात, धरतात, मोजतात, चालवतात’ यांत ‘काका’ एकदाच येतात. वाचणाऱ्याला ते लक्षात असते. पण प्रत्येक क्लिप साधनासाठी कोरी पाटी असते, मागच्या क्लिपमध्ये काय होते याचा तिला पत्ता नसतो. या तुकड्यात नाव होते फक्त ताईंचे, म्हणून कात्री ताईंच्या हातात आली आणि काका फिल्ममधून नाहीसे झाले. चौथ्या तुकड्यात पेस्ट लावण्याच्या मागे “आठ-दहा दिवसांत” हे शब्द चिकटले आणि पाचव्यात कोंब व पोपटी बाग एकत्र आले. तिथे कोंब फुटता फुटताच मागची सगळी बाग हिरवी होऊ लागली, रंग सांडल्यासारखी.

दुसऱ्या फेरीत आधी एक लहान हिशेब केला. 81 फ्रेममधल्या सुरुवातीच्या सहाएक फ्रेम बहुधा कामाच्या नसतात. दिलेले चित्र तिथे नुकते ‘सुटत’ असते, क्वचित रंगाची उडीही दिसते. शेवटच्या आठएक फ्रेममध्ये हात किंवा पाने ढिली पडतात. दोन्हीकडे कात्री लावली की 67 फ्रेम उरतात, म्हणजे 4.2 सेकंदांना थोडे कमी. याचा अर्थ क्लिप पाच सेकंदांची असली तरी संहितेचा तुकडा चार सेकंदांच्या आतच बसवायचा. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारला: पडद्यावर डोळ्याला दिसणारा बदल कोणता? उत्तरात ‘आणि’ आला की तुकडा अजून तोडायचा. त्याच परिच्छेदाची मांडणी मग अशी झाली:

| क्लिप | निवेदन | सेकंद | दिसणारा एकच बदल |
|---|---|---|---|
| 1 | ऑक्टोबर उजाडतो… चालू होते | 3.6 | धुक्यातल्या ओळींवरून कॅमेरा हळू पुढे |
| 2 | पहाटेच्या धुक्यात… येतात | 3.4 | काका पाठमोरे, दोन ओळींमधून चालतात |
| 3 | काडी हातात… मोजतात | 3.0 | अंगठा काडीवरून सरकतो |
| 4 | आणि कात्री चालवतात (थांबा) | 2.8 | कात्री मिटते, शेंडा खाली पडतो |
| 5 | मागून ताई येतात | 2.0 | ताई वाकून स्पंज पेस्टमध्ये बुडवतात |
| 6 | हातमोजे घातलेल्या… लावतात | 4.0 | स्पंज डोळ्यांवरून फिरतो |
| 7अ, 7आ | आठ-दहा दिवसांत… फुटतात | 3.6 | सुप्त डोळा. मग कोंब हलतो |
| 8 | आणि बघता बघता… होते | 4.0 | पोपटी बागेवरून कॅमेरा वर |

यातली चौथी क्लिप साधी दिसते, पण वेळ तिनेच सर्वाधिक घेतला. पहिल्या प्रयत्नांत सूचना होती की काका कात्री उचलतात आणि काडी छाटतात. दर वेळी बोटे आणि कात्रीची मूठ एकमेकांत विरघळत होती, आणि पाती मिटण्याआधीच काडी तुटत होती. हात एखादी वस्तू नव्याने पकडतो तो क्षण या साधनांना फार जड जातो. बोटे वस्तूच्या मागे जातात, परत पुढे येतात, आणि लपलेली बोटे परत येताना किती होती याचा मेळ राहत नाही. उपाय सूचनेत नव्हता, तुकडा पाडण्यात होता. पकडण्याचा क्षण कोणत्याही क्लिपमध्ये येऊच द्यायचा नाही. तिसरी क्लिप संपते तेव्हा हातात फक्त काडी असते. चौथी सुरू होते तेव्हा कात्रीची पाती काडीभोवती आधीच आलेली असतात. मधली उचलण्याची क्रिया बघणारा मनातच पुरी करतो. छाटणीचा एक जवळचा फोटो ऑक्टोबरचा होताच, तोच सुरुवातीची फ्रेम म्हणून दिला. फोटो मोबाईलचा, चौकोनी मापाचा होता, म्हणून तो आधी 832×480 मध्ये कापून घेतला. न कापता दिला तर तो दाबून बसवला जाऊ शकतो आणि काडी जाडजूड दिसू लागते.

सूचना अशी होती. या मॉडेलला इंग्रजी अधिक नीट कळते, म्हणून ती इंग्रजीत लिहिली:

```
Close-up. Secateurs already around a brown grape cane.
The blades close once. The cut tip falls.
Right hand, faded blue cotton sleeve. Camera still.
```

बाहीकडे लक्ष द्या. काकांचे ठरलेले वर्णन एका ओळीत लिहून ठेवले होते: साठीचे शेतकरी, पांढरी टोपी, विटका निळा सुती सदरा, करड्या मिशा, सडसडीत अंग. दुसऱ्या क्लिपमध्ये ती ओळ अक्षरशः तशीच उतरवली, एक शब्दही बदलला नाही, कारण ‘विटका’ऐवजी ‘फिकट’ लिहिले तरी सदऱ्याची छटा बदलते. पण चौथ्या क्लिपमध्ये पूर्ण ओळ चिकटवली तेव्हा कॅमेरा मागे सरकून टोपी आणि मिशा दाखवू लागला. जे लिहिले ते दाखवणे, हा साधनाचा स्वभावच आहे. म्हणून वर्णनातला तेवढाच भाग द्यायचा जो चौकटीत येणार आहे. हातच दिसणार असेल तर बाहीपुरते बोलावे.

पाचव्या क्लिपची अडचण वेगळी होती. “मागून ताई येतात” म्हणायला दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात दोन माणसे एका चौकटीत आणून एकाला चालवणे म्हणजे चेहऱ्यांची अदलाबदल ओढवून घेणे. निवेदन ‘येतात’ म्हणते म्हणून चित्रानेही येणे दाखवलेच पाहिजे असे नाही. ताई एकट्याच, आधीच वेलीपाशी उभ्या, वाकून स्पंज बुडवताना घेतल्या. काका त्या चौकटीत नाहीतच. पेस्ट लावणे हा प्रकार साधनाला मुळात ठाऊक नसतो. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, आणि ते अंगाला लागू नये म्हणून हातमोजे घालतात. नुसते शब्द दिले तर साधन हातात रंगाचा ब्रश देते. इथेही फोटोच उपयोगी पडला. फोटोत हातमोजे आणि स्पंज आधीच असल्याने सूचनेत फक्त हात कोणत्या दिशेने फिरतो तेवढे सांगायचे उरले. फोटोचा दुसरा फायदा मांडवाचा झाला. फोटो नसलेल्या चाचण्यांमध्ये बाग दरवेळी परदेशी उतरणीवरची यायची, कमरेएवढ्या वेली आणि लाकडी खुंट. आपल्याकडची वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर चढवलेली, डोक्याच्या वर तारा असलेली बाग शब्दांत बसवणे कठीण होते.

सातव्या तुकड्यात दिवस जातात, म्हणून तो दोन क्लिपमध्ये तोडला. पाच सेकंदांत डोळ्यातून कोंब बाहेर येताना दाखव म्हटले की साधन काडीच वितळवते. 7अ मध्ये सुप्त डोळा आणि त्यावर सरकणारा उजेड, 7आ मध्ये फुटलेला कोंब वाऱ्यावर हलताना, आणि संकलनात दोघांमध्ये अर्ध्या सेकंदाचा डिझॉल्व्ह. त्यासाठी लागणाऱ्या जादा आठ फ्रेम वर टाकून दिलेल्या कडांना हात न लावताही सहज मिळाल्या, कारण प्रत्येकी दोनच सेकंद लागत होते. संहितेत ‘मग’, ‘पुढे’, ‘काही दिवसांत’, ‘होता होता’ असे शब्द दिसले की तिथे तुकडा पाडायचाच. काळ कटमध्ये जातो, क्लिपमध्ये जात नाही.

संहितेच्या सुरुवातीला एक जागा अशी होती की जिथे तोडायचे नाही असा दिग्दर्शकाचा हट्ट होता: बागेच्या ओळीतून सलग बारा सेकंद पुढे जाणारा कॅमेरा. त्यासाठी तीन क्लिप साखळीने जोडून पाहिल्या. पहिलीची शेवटची फ्रेम ही दुसरीची पहिली, दुसरीची शेवटची ही तिसरीची पहिली. दुसरी क्लिप ठीक होती. तिसरीत पाने मेण लावल्यासारखी चकचकू लागली, हिरवा भडक झाला आणि धुके विरले. प्रत्येक कडीत चित्र मॉडेलच्या आत दाबले जाते आणि पुन्हा उलगडले जाते, आणि प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो आणि थोडा रंग चढतो. छायाप्रतीची छायाप्रत काढत जावे तसा हा प्रकार. शिवाय सांध्यावर झटका बसत होता. कारण पुढच्या क्लिपला मिळते फक्त एक स्थिर चित्र. कॅमेरा किती वेगाने चालला होता हे त्या चित्रात नसते. त्यामुळे प्रत्येक क्लिप थांबून पुन्हा चालू लागते.

तडजोड अशी ठरली की साखळी दोनच कड्यांची ठेवायची आणि मध्ये दवाने भिजलेल्या पानाचा दीड सेकंदाचा जवळचा शॉट टाकायचा. त्या पानामागे वेगातला फरक लपतो, आणि तिसरा भाग पुन्हा मूळ फोटोवरून सुरू करता येतो. जोडताना शेवटची फ्रेम घेण्याचा मोहही सोडला. कडेच्या फ्रेम ढिल्या असतात हे आधीच माहीत होते, म्हणून शून्यापासून मोजून 72 क्रमांकाची फ्रेम उचलली:

```
ffmpeg -i S01_C01_T03.mp4 -vf "select=eq(n\,72)" -frames:v 1 S01_C01_f72.png
```

संकलनात पहिली क्लिप 71 वर तोडली. 72 वर तोडली असती तर तीच फ्रेम दोनदा आली असती आणि डोळ्याला क्षणभर अडखळल्यासारखे झाले असते. फाईलच्या नावात दृश्य, क्लिप आणि प्रयत्न असे तीन आकडे ठेवले. कात्रीचे वीसेक प्रयत्न झाल्यावर ‘final2_new’ अशा नावांतून हवा तो सापडत नाही.

छाटणीच्या शेवटी एक छोटा संवादही होता. काका म्हणतात, “ताई, ह्या ओळीचं राहिलंय बघा.” त्या म्हणतात, “झालंच काका, शेवटचंच झाड आहे.” हे साधन आवाज देत नाही आणि ओठांची हालचाल शब्दांशी जुळत नाही. म्हणून बोलणाऱ्यावर कॅमेरा ठेवलाच नाही. काकांचे वाक्य चालू असताना ताई मान वर करताना दिसतात. त्यांच्या उत्तरावर काका पाठमोरे, मान हलवताना दिसतात. संवादाची संहिता तोडताना ऐकणाऱ्याच्या बाजूने तोडली की दोन्ही क्लिप हलक्या होतात, आणि मला तर असे संवाद जास्त जिवंतही वाटतात.

फ्रेम वाढवण्याच्या पायरीवर एक चूक होता होता राहिली. अंतिम फिल्म सेकंदाला 25 फ्रेमची हवी होती आणि क्लिप 16 च्या. मधल्या फ्रेम भरून काढण्याचे काम पूर्ण जोडलेल्या फिल्मवर एकदाच करायचा बेत होता. तसे केले तर कटच्या जागी शेवटची चौकट आणि पुढची पहिली चौकट यांची खिचडी होऊन एक धूसर फ्रेम तयार होते. म्हणून हे काम क्लिप सुट्या असतानाच केले. कात्री मिटण्याच्या क्षणी मात्र पात्यांना शेपटी फुटल्यासारखे दिसत होते, कारण दोन फ्रेममध्ये पाती फारच लांब गेली होती. त्या क्लिपमध्ये मिटण्याची गती सूचनेतूनच मंद करून घेतली.

चार मिनिटांचे पहिल्या मोजणीत 48 तुकडे होते, ते शेवटी 71 झाले. तयार करण्याआधी सगळ्या 71 तुकड्यांची सुरुवातीची चित्रे निवेदनाखाली ठरल्या सेकंदांइतकी ठेवून एकदा पाहिली. नुसती स्थिर चित्रे, हालचाल नाही. त्यात सहा जागी चित्र शब्दांच्या पुढे धावत होते आणि दोन जागी लागोपाठ तीन जवळचे हात आले होते. ते तिथेच निस्तरले, संगणक रात्रभर चालवण्याआधी.

आठवी क्लिप, पोपटी बागेची, काही केल्या सुधारली नाही. मांडवाच्या बारीक तारा दर काही फ्रेमला तुटून पुन्हा जुळत होत्या. कॅमेरा हलला की बारीक, लांब, एकसारख्या रेषा या मॉडेलला धरून ठेवता येत नाहीत. शेवटी तिथे गटाकडचा नोव्हेंबरचा फोटोच घेतला आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर चार सेकंदांचा संथ झूम दिला. तारा तशाच राहिल्या, सरळ आणि अखंड.